कार्डवरील अनधिकृत व्यवहार : बँक कळवल्याची तारीखच बदलते आहे, तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पत्र कसे लिहावे?

सायली_न | 1 सप्टेंबर 2024

माझ्या क्रेडिट कार्डावर मी न केलेला एक परदेशी व्यवहार झाला आहे. बँकेने तो अनधिकृत असल्याचे मान्य केले आहे, तरीही त्यातले दहा हजार रुपये मीच भरावेत असे कळवले आहे. या उत्तराविरुद्ध मला बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे पत्र पाठवायचे असून त्यात नेमका कशावर भर द्यावा याबद्दल मार्गदर्शन हवे आहे. बँकेचे नाव लिहीत नाही आणि पुढचे संदर्भ क्रमांकही बदलून दिले आहेत.

शुक्रवार, 9 ऑगस्ट 2024 रोजी रात्री 11.41 वाजता 48,350 रुपयांचा ऑनलाइन व्यवहार झाल्याचा बँकेचा एसएमएस आला. त्याआधी ओटीपी आला नव्हता आणि कार्ड माझ्याजवळच होते. एसएमएस मी सकाळी पाहिला आणि शनिवारी, 10 ऑगस्टला, 7.52 वाजता बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर फोन करून हा व्यवहार माझा नसल्याचे सांगितले व कार्ड बंद करवले. कार्ड बंद केल्याचा क्रमांक लगेच एसएमएसने आला. त्याच दिवशी 1930 वर तक्रार नोंदवून पोचक्रमांक घेतला. सोमवारी, 12 ऑगस्टला, बँकेला ईमेल केला. त्याच्या उत्तरात बँकेने वादग्रस्त व्यवहाराचा फॉर्म पाठवला, तो मी भरून 16 ऑगस्टला परत दिला.

बँकेचे 27 ऑगस्टचे उत्तर असे आहे : "आपली तक्रार 16 ऑगस्ट रोजी, म्हणजे चौथ्या कामकाजाच्या दिवशी प्राप्त झाल्याने आपले दायित्व 10,000 रुपये इतके राहील." उरलेली रक्कम जमा करू असे ते म्हणतात, पण अजून काहीही जमा झालेले नाही. माझ्या पत्राच्या पहिल्या मसुद्यात मनस्तापच जास्त आला आहे आणि मुद्दा मागे पडला आहे असे वाटते.

---

टेकडीवरचा | 1 सप्टेंबर

ओटीपी आला नाही म्हणजे बँकेची शंभर टक्के जबाबदारी, विषय संपला. पत्रात एवढेच लिहा की ओटीपीशिवाय व्यवहार होऊ देणे हीच बँकेची चूक आहे. आणि आधी पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआर नोंदवा, त्याशिवाय बँक तुमचा कागद पुढे सरकवणार नाही.

---

जोगकाका | 1 सप्टेंबर

मी बँकेत असताना बरीच वर्षे कार्ड विभागातल्या तक्रारी हाताळल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

टेकडीवरचा यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. भारतातल्या व्यापाऱ्याकडे ऑनलाइन कार्ड वापरताना दुसरी पडताळणी सक्तीची आहे, परंतु परदेशातील अनेक व्यापारी ती मागतच नाहीत. तिथे कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक एवढ्यावर व्यवहार पार पडतो. त्यामुळे "ओटीपीशिवाय व्यवहार झाला, म्हणजे बँक चुकली" असे लिहिले तर बँक एका ओळीत उत्तर देईल की परदेशी व्यवहाराला ओटीपी लागत नाही, आणि तुमचा मुख्य मुद्दा त्या उत्तराखाली दबून जाईल. ओटीपी आला नाही ही गोष्ट पत्रात हवी, पण वस्तुस्थिती म्हणून. आरोप म्हणून नको. एफआयआरबद्दल सांगायचे तर रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात ती अट नाही. 1930 चा पोचक्रमांक जोडा, तेवढे पुरे.

तुमच्या प्रकरणाचा गाभा वेगळा आहे आणि सुदैवाने तो फार स्वच्छ आहे. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाच्या दायित्वाविषयी परिपत्रक काढले. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तो यंत्रणेत अन्यत्र कुठेतरी आहे, अशा वेळी ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याचे दायित्व शून्य असते. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर दायित्वाला मर्यादा असते आणि पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी ती 10,000 रुपये आहे. बँकेने तुम्हाला बसवले आहे ते या दुसऱ्या रकान्यात.

दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस धरत नाहीत आणि कामकाजाचे दिवस तुमच्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे मोजतात. 10 ऑगस्ट हा दुसरा शनिवार होता, 11 ला रविवार. म्हणजे पहिला दिवस 12, दुसरा 13 आणि तिसरा 14 ऑगस्ट. पंधराला सुट्टी होती, म्हणून 16 ऑगस्ट हा चौथा दिवस ठरतो. बँकेची मोजणी अगदी बरोबर आहे. चुकले आहे ते एवढेच की तिने फॉर्म मिळाल्याची तारीख ही कळवल्याची तारीख मानली. परिपत्रक ग्राहकाने कळवण्याबद्दल बोलते, बँकेचा विशिष्ट फॉर्म भरण्याबद्दल नाही. कळवण्यासाठी फोन, एसएमएस, ईमेल असे अनेक मार्ग चोवीस तास उपलब्ध ठेवणे आणि तक्रारीची वेळ नोंदवून क्रमांक देणे हे त्याच परिपत्रकाने बँकेवर घातलेले बंधन आहे. तुम्ही 10 तारखेच्या सकाळी कळवले, तेव्हा पहिला कामकाजाचा दिवस उजाडलासुद्धा नव्हता. सारे पत्र या एका मुद्द्याभोवती लिहा.

---

अनुराधा_क | 2 सप्टेंबर

माझेही असेच झाले आहे, म्हणून इथेच विचारते. वीजबिल थकल्याचे सांगणारा फोन आला होता. त्यांनी पाठवलेले अ‍ॅप मी घेतले, ओटीपीही सांगितला, आणि बचत खात्यातून दोन वेळा पैसे गेले. पहिल्या वेळी कळलेच नाही. दुसरा एसएमएस आल्यावर बँकेला फोन केला आणि त्यानंतर काही वेळाने तिसऱ्यांदाही पैसे गेले. मीसुद्धा तीन दिवसांच्या आत कळवले आहे, तर माझेही दायित्व शून्य धरून हेच पत्र पाठवू का?

---

जोगकाका | 2 सप्टेंबर

अनुराधाताई, हे पत्र तुमच्यासाठी चालणार नाही. ओटीपी दिला गेला असेल तर परिपत्रकाच्या दृष्टीने ते ग्राहकाच्या निष्काळजीपणात येते आणि तिथे तीन दिवसांचा नियम लागू होत नाही. बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे मानले जाते. मात्र कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे असते, म्हणून तुमच्या तिसऱ्या व्यवहारावर तुमचा हक्क ठामपणे सांगता येईल. फोन किती वाजता केला आणि तिसरा व्यवहार किती वाजता झाला, या दोन वेळा शेजारीशेजारी लिहून त्या रकमेसाठी स्वतंत्र पत्र द्या. पहिल्या दोन रकमांसाठी 1930 आणि cybercrime.gov.in वरच्या तक्रारीचा पाठपुरावा करा. समोरच्या खात्यात पैसे गोठवले गेले असतील तर काही परत मिळण्याची शक्यता असते.

---

मंदार७ | 2 सप्टेंबर

सायली, एक विचारतो, रागावू नका. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार तुम्ही स्वतः सुरू केले होते का? कारण 2020 पासून नव्या कार्डावर ते बंदच असतात. तुम्ही सुरू केले असतील तर बँक त्यालाच निष्काळजीपणा म्हणेल.

---

सायली_न | 2 सप्टेंबर

हो, एका परदेशी सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी भरण्यासाठी मार्चमध्ये सुरू केले होते आणि ते तसेच राहिले. याचा उल्लेख पत्रात करावा का?

---

जोगकाका | 2 सप्टेंबर

बँकेने स्वतःच दिलेली सोय वापरणे आणि गुप्त माहिती दुसऱ्याच्या हाती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते पहिली गोष्ट निष्काळजीपणात बसत नाही, पण बँकांनी तसा युक्तिवाद केलेला मी पाहिला आहे, त्यामुळे मंदार यांची शंका अनाठायी नाही. बँकेने तो मुद्दा काढलेला नसताना आपण होऊन उत्तर देऊ नये. विचारले तर मात्र खरे तेच सांगावे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट. आपल्याला जे ठाऊक आहे तेवढेच लिहावे. लोक पत्रात माहिती कशी फुटली असेल याचे अंदाज लिहितात : "बहुधा एखाद्या संकेतस्थळावरून माझे कार्ड चोरीला गेले असावे", "कदाचित मी कुठल्या तरी लिंकवर गेले असेन". हा अंदाज उद्या ग्राहकाचीच कबुली म्हणून वाचला जातो. ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याचा भार परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. तुम्ही व्यवहार केला नाही, कोणाला करायला सांगितला नाही, कार्ड जवळ होते आणि माहिती कोणाला दिली नाही, एवढ्यावर थांबा.

आणखी एक विचारतो, कारण इथे बरीच प्रकरणे बिघडतात. फॉर्ममध्ये वादाचे कारण कोणते निवडले?

---

सायली_न | 2 सप्टेंबर

"व्यवहार मी केलेला नाही" हा पर्याय निवडला. त्याखाली "वस्तू किंवा सेवा मिळाली नाही" असाही पर्याय होता.

---

जोगकाका | 2 सप्टेंबर

उत्तम. दुसरा पर्याय निवडला असता तर व्यवहार तुम्हीच केला, फक्त माल आला नाही, असा अर्थ झाला असता, आणि कार्ड नेटवर्कमार्फत पैसे परत मागण्याची सगळी प्रक्रिया त्या कारणाने चालली असती. व्यापाऱ्याने सेवा पुरवल्याचा पुरावा दिला की मग प्रकरण बंद होते.

संदर्भ क्रमांकांबद्दलही सांगतो. मंजुरीचा सहा अंकी कोड आणि बारा अंकी आरआरएन व्यवहाराच्या क्षणीच तयार होतात. ते एसएमएसमध्ये नसतील तर बँकेकडून मिळतात. तेवीस अंकी एआरएन मात्र परदेशी व्यापाऱ्याच्या बँकेने रक्कम अंतिम वसुलीला पाठवल्यावरच येतो. तो तुम्हाला ठाऊक नसेल तर पत्रात मागा. त्या क्रमांकाने व्यवहाराचा माग दोन्ही बँकांना एकाच नोंदीपर्यंत काढता येतो, आणि फसवणुकीच्या कारणाने पैसे परत मागण्याची नेटवर्कची मुदत साधारण 120 दिवसांची असल्याने बँकेने मागणी खरोखर पाठवली की नाही हे वेळेत विचारायला हवे. कार्डाचे शेवटचे चारच अंक लिहा. पूर्ण क्रमांक ईमेलवर कधीही पाठवू नका.

---

मंदार७ | 3 सप्टेंबर

पत्र वकिलामार्फत पाठवले तर वजन पडेल का? माझ्या ओळखीत एक आहेत.

---

जोगकाका | 3 सप्टेंबर

बँकेला वकिलाचे पत्र देता येते, त्यात वावगे काही नाही. परंतु पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची वेळ आली तर तिथे तक्रार ग्राहकाने स्वतः करायची असते, वकिलामार्फत नाही. शिवाय दावा ग्राहक आयोगात दाखल झाला असेल तर त्याच कारणासाठी लोकपाल तक्रार घेत नाही. म्हणून हे पत्र साधे, स्वतःच्या सहीचे असलेले मला बरे वाटते. उद्या लोकपालाला हेच पत्र जसेच्या तसे जोडता येईल, असे लिहा.

---

सायली_न | 4 सप्टेंबर

सर्वांच्या सूचनांनंतर पत्र पुन्हा लिहिले आहे. काही खटकले तर कृपया सांगा.

> प्रति,
> तक्रार निवारण अधिकारी (कार्ड विभाग)
>
> दिनांक : 4 सप्टेंबर 2024
>
> विषय : शेवटचे चार अंक 4417 असलेल्या क्रेडिट कार्डावरील दि. 9 ऑगस्ट 2024 च्या अनधिकृत व्यवहाराबाबत आपल्या दि. 27 ऑगस्ट 2024 च्या निर्णयास हरकत
>
> संदर्भ : (1) कार्ड बंद केल्याचा क्रमांक 60814473, दि. 10 ऑगस्ट 2024 (2) 1930 वरील तक्रारीचा पोचक्रमांक, प्रत सोबत (3) ईमेल तक्रार क्रमांक 240812-5590, दि. 12 ऑगस्ट 2024 (4) आपले उत्तर, दि. 27 ऑगस्ट 2024
>
> महोदय,
>
> वरील कार्डावर दि. 9 ऑगस्ट 2024 रोजी रात्री 11.41 वाजता 48,350 रुपयांचा परदेशी ऑनलाइन व्यवहार झाल्याचा आपला एसएमएस मला मिळाला. या व्यवहाराचा आरआरएन 422218064519 आणि मंजुरीचा कोड 071846 आहे. त्यावर 1,692.25 रुपये परकीय चलन शुल्क आणि 304.61 रुपये जीएसटी आकारण्यात आला असून एकूण वादग्रस्त रक्कम 50,346.86 रुपये आहे. हा व्यवहार मी केलेला नाही आणि कोणालाही करण्यास सांगितलेला नाही. त्या वेळी कार्ड माझ्या ताब्यात होते, या व्यवहारासाठी मला ओटीपी आलेला नाही आणि कार्डाची गुप्त माहिती मी कोणालाही दिलेली नाही.
>
> दि. 10 ऑगस्ट 2024 रोजी सकाळी 7.52 वाजता मी आपल्या चोवीस तास सेवेच्या क्रमांकावर दूरध्वनी करून हा व्यवहार अनधिकृत असल्याचे कळवले. त्याच संभाषणात कार्ड बंद करण्यात आले व वरील संदर्भ (1) मधील क्रमांक मला एसएमएसने देण्यात आला. दि. 12 ऑगस्ट रोजी मी हीच तक्रार ईमेलने केली. आपण पाठवलेला फॉर्म मी दि. 16 ऑगस्ट रोजी भरून दिला.
>
> आपल्या उत्तरात फॉर्म मिळाल्याची तारीख ही तक्रार मिळाल्याची तारीख मानून माझे दायित्व 10,000 रुपये ठरवले आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या दि. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार (डीबीआर.क्र.एलईजी.बीसी.78/09.07.005/2017-18) मुदत ग्राहकाने बँकेला कळवण्याच्या दिवसाशी निगडित आहे. एसएमएस मिळाल्याचा दिवस वगळता आणि दि. 10 व 11 ऑगस्टच्या सुट्ट्या लक्षात घेता तिसरा कामकाजाचा दिवस दि. 14 ऑगस्ट हा होता. माझा दूरध्वनी व माझा ईमेल हे दोन्ही त्यापूर्वीचे आहेत. त्यामुळे माझे दायित्व शून्य आहे.
>
> याच परिपत्रकानुसार कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत, म्हणजे दि. 23 ऑगस्टपर्यंत, वादग्रस्त रक्कम व्यवहाराच्या तारखेपासून परिणाम धरून जमा होणे अपेक्षित होते. ती अद्याप जमा झालेली नाही.
>
> म्हणून विनंती की, (अ) दि. 27 ऑगस्टचा निर्णय बदलून संपूर्ण 50,346.86 रुपये दि. 9 ऑगस्टपासून परिणाम धरून जमा करावेत, (आ) या रकमेवर व्याज वा विलंब शुल्क आकारू नये, (इ) दि. 10 ऑगस्टच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण जतन करावे; (ई) व्यवहाराचा एआरएन, व्यवहाराच्या वेळी ग्राहकाची पडताळणी झाली होती किंवा नाही याची नोंद, आणि पैसे परत मागण्याची मागणी नेटवर्ककडे पाठवल्याची तारीख मला लेखी कळवावी.
>
> वादग्रस्त रक्कम वगळता उर्वरित बिल मी मुदतीत भरले आहे. एसएमएस, दूरध्वनीची नोंद, ईमेल व भरलेला फॉर्म यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.
>
> आपली विश्वासू,

---

टेकडीवरचा | 4 सप्टेंबर

पत्र चांगले झाले आहे, पण फार सौम्य वाटते. लोकपालाकडे जाण्याचा इशारा का नाही? आणि ध्वनिमुद्रण जतन करायला सांगून काय मिळणार, ते बँकेच्याच ताब्यात आहे.

---

जोगकाका | 4 सप्टेंबर

ध्वनिमुद्रणाची मागणी ठेवाच. उद्या बँक म्हणू शकते की त्या फोनवर फक्त कार्ड बंद करायला सांगितले होते, व्यवहाराची तक्रार केलीच नव्हती. या प्रकरणात बँकेला बोलण्यासारखी एवढीच एक जागा उरली आहे. जतन करण्याची लेखी विनंती आधीच दिलेली असेल तर "ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही" हे उत्तर लोकपालासमोर बँकेलाच अडचणीचे ठरते. त्यातूनही त्यांनी फोन मानला नाही तरी 12 तारखेचा ईमेल पहिल्याच कामकाजाच्या दिवशीचा आहे, म्हणून त्याचा उल्लेख पत्रात फोनच्या बरोबरीने आला हे फार चांगले झाले.

लोकपालाचे म्हणाल तर इशाऱ्याची गरज नाही. तक्रार अंशतः फेटाळणारे उत्तर हाती आल्यामुळे cms.rbi.org.in वर तक्रार करण्याचा मार्ग आताही खुला आहे आणि त्यासाठी बँकेच्या उत्तरापासून एक वर्षाची मुदत आहे. मी मात्र आधी हे पत्र देऊन त्यांना चूक दुरुस्त करण्याची संधी देईन, कारण इथे वाद तारखेचा आहे आणि तो त्यांच्याच नोंदींवरून मिटू शकतो. तक्रारीचा अंतिम निकाल 90 दिवसांत लागायला हवा, म्हणजे तुमच्या बाबतीत 8 नोव्हेंबरपर्यंत.

---

सायली_न | 19 सप्टेंबर

पत्राला उत्तर आले आहे. कळवल्याची तारीख 10 ऑगस्ट असल्याचे त्यांनी मान्य केले असून 48,350 रुपये "तात्पुरते" जमा झाले आहेत. परंतु जमा झाल्याची तारीख 17 सप्टेंबर दाखवली आहे, चलन शुल्क व जीएसटी परत आलेला नाही, आणि मधल्या बिलात त्या रकमेवर व्याज लागले आहे. एआरएन दिला आहे. पडताळणीच्या नोंदीबद्दल मात्र "अंतर्गत माहिती असल्याने देता येत नाही" असे उत्तर आहे.

---

मंदार७ | 19 सप्टेंबर

मूळ रक्कम आली ना, मग आता सोडून द्या. दोन हजारांसाठी पुन्हा पत्रव्यवहार कशाला?

---

जोगकाका | 19 सप्टेंबर

मंदार, प्रश्न फक्त दोन हजारांचा नाही. "तात्पुरते" हा शब्द नीट वाचा. परदेशी व्यापाऱ्याच्या बँकेने मागणीला विरोध केला तर ही रक्कम पुन्हा कार्डावर लावली जाऊ शकते आणि तेव्हा बोलायला आधार हवा. सायली, याच तक्रार क्रमांकावर छोटे उत्तर पाठवा. त्यात 17 सप्टेंबरऐवजी 9 ऑगस्ट ही परिणामाची तारीख, शुल्क व जीएसटी मिळून 1,996.86 रुपये, आणि लागलेले व्याज, एवढ्या तीनच गोष्टी मागा. फसवणूक म्हणून वाद घातलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत कोणतेही शुल्क लावू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या कार्डविषयक निर्देशांत आहे. त्याचा उल्लेख करा.

पडताळणीची नोंद ग्राहकाला द्यायलाच हवी का, याबद्दल मी ठामपणे सांगू शकत नाही. काही बँका देतात, काही नकार देतात. लोकपाल मात्र ती बँकेकडून मागवू शकतो. म्हणून नकाराचे हे उत्तर जपून ठेवा.

---

अनुराधा_क | 20 सप्टेंबर

तिसऱ्या व्यवहारासाठी मी वेगळे पत्र दिले आहे. बँक म्हणते की माझा फोन त्यांच्या नोंदीत नाही. माझ्या मोबाइलमध्ये फोन केल्याची नोंद आहे, पण तक्रार क्रमांक मी घेतलेला नव्हता. आता काय करू?

---

जोगकाका | 20 सप्टेंबर

मोबाइल कंपनीकडून त्या दिवसाचा कॉलचा तपशील काढा. त्यात तुमच्या क्रमांकावरून बँकेच्या सेवेला केलेला फोन, त्याची वेळ आणि किती सेकंद बोलणे झाले हे येते. तो जोडून बँकेला विचारा की त्या वेळी आलेल्या या फोनची त्यांच्याकडे नोंद का नाही. काही मिनिटांचे बोलणे दिसत असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. अर्ध्या मिनिटात फोन तुटलेला असेल तर अवघड आहे. तपशील हाती आला की वेळा इथे लिहा, मग पुढचे पाहू.